झोप आणि रक्तदाबासाठी सर्पगंधा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवटीतल्या दवाखान्यात आणि फोनवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक विचारणाऱ्यांची स्थिती सारखीच असते. बीपीची गोळी आधीपासून चालू असते, झोप येत नसते आणि कुणीतरी 'सर्पगंधा घे, साधी जडीबुटी आहे' असं सांगितलेलं असतं. म्हणून उत्तरंही त्यांनाच समोर ठेवून दिली आहेत.

१. झोप आणि बीपी, दोन्हीवर एकच मूळ कसं काय चालतं?

कारण दोन्हीमागची यंत्रणा एकच आहे. सर्पगंधेच्या मुळात बरीच अल्कलॉइड्स असतात. त्यातलं सगळ्यात प्रभावी रिसर्पिन. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत नॉरअ‍ॅड्रिनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही द्रव्यं साठवलेली असतात. ती पिशवीत भरणारा एक पंप असतो. रिसर्पिन तो पंपच बंद पाडतं. मग नवा साठा होत नाही आणि असलेला हळूहळू झिजतो. रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या तंतूंमधला साठा संपला की वाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते आणि बीपी उतरतं. मेंदूतला साठा संपला की माणूस शांत होतो, पेंगतो.

बिहारमध्ये हे मूळ 'पागल की दवा' म्हणून पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरच्या गुणाबद्दल लेख लिहिला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि जगाचं लक्ष वेधलं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं.

थोडक्यात, याचा गुण खरा आहे. पण जो गुण तोच दोष. उदासी, मंद नाडी, इतर गोळ्यांशी भांडण, हे सगळं त्याच रिकाम्या झालेल्या पिशव्यांमधून येतं.

२. चार रात्री घेतली, काही फरक नाही. मात्रा वाढवू का?

नाही. सर्वांत जास्त लोक इथेच फसतात.

झोपेची नेहमीची गोळी तासाभरात काम करते, म्हणून सर्पगंधेकडूनही तीच अपेक्षा ठेवली जाते. पण हिला आधी साठा रिकामा करावा लागतो. पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. चौथ्या दिवशी मात्रा दुप्पट केली, तर पहिल्या मात्रेचा परिणाम अजून यायचा असतो आणि त्यावर दुसरी चढते. तिसऱ्या आठवड्यात दोन्हींचं फळ एकदम पदरात पडतं.

याच कारणाने, उद्या परीक्षा आहे म्हणून किंवा सातपूर-अंबडची रात्रपाळी बदलली म्हणून एक-दोन रात्रींपुरती सर्पगंधा घेण्यात काही अर्थ नाही. त्या दोन रात्री झोप येणार नाही. पुढे रोज घेत राहिलात तर दिवसाही पेंगुळलेपणा राहील, आणि कसारा घाटात गाडी चालवणाऱ्याला तो परवडणारा नाही. काहींना शांत झोपेऐवजी भयानक स्वप्नं पडतात, हेही लक्षात असू द्या.

३. अर्धा चमचा चूर्ण म्हणजे नेमकं किती औषध? मूळच तर आहे, गोळीपेक्षा सौम्यच असेल ना?

हिशेब करून बघू. औषधी दर्जाच्या मुळात रिसर्पिन गटातली अल्कलॉइड्स किमान ०.१५ टक्के असावीत, असा अमेरिकी औषधकोशाचा दंडक होता. म्हणजे १ ग्रॅम चूर्णात १.५ मिलिग्रॅम. चहाचा अर्धा चमचा चूर्ण वजनाला साधारण एक ते दीड ग्रॅम भरतं.

आता आधुनिक बाजू पाहा. रक्तदाबासाठी रिसर्पिनची रोजची नेहमीची मात्रा ०.०५ ते ०.२५ मिलिग्रॅम. चूर्णातलं सगळं औषध अंगी लागत नाही हे मान्य केलं, तरी अर्धा चमचा ही मात्रा गोळीच्या कितीतरी वर जाते. पूर्वी मुळाच्याच गोळ्या मिळत, तेव्हा २०० ते ३०० मिलिग्रॅम मूळ हे ०.५ मिलिग्रॅम रिसर्पिनच्या बरोबरीचं धरत. त्या मापानेही हिशेब तसाच येतो.

'पण ग्रंथांत ग्रॅममध्येच मात्रा दिली आहे,' असं काही जण दाखवून देतात. सेन आणि बोस यांची मात्राही २० ते ३० ग्रेन, म्हणजे सुमारे १.३ ते २ ग्रॅम, दिवसातून दोनदा अशी होती. पण तिथे प्रश्न उन्मादाचा, खवळलेल्या रुग्णाला आवरण्याचा होता आणि देखरेखीला वैद्य होता. घरी एकट्याने, आधीच बीपीच्या दोन गोळ्या चालू असताना ती मात्रा उचलणं ही वेगळी गोष्ट झाली. शिवाय जमीन, झाडाचं वय, मुळाची साल किती आली यांवर अल्कलॉइडचं प्रमाण बदलतं. साल राहिली तर औषध जास्त, आतलं लाकूडच जास्त असेल तर कमी. चमच्याने मोजण्यात हा फरक कळत नाही.

४. सर्पगंधा घनवटी आणि चूर्ण एकच का?

नाही, आणि फरक दुहेरी आहे. घन म्हणजे काढा आटवून केलेला अर्क, त्यामुळे वजनाला वजन लावता येत नाही. दुसरं म्हणजे प्रचलित पाठातल्या घनवटीत सर्पगंधेबरोबर खुरासानी ओवा, जटामांसी, भांग आणि पिंपळमूळ असतं. रात्री घेतल्यावर जी गुंगी येते, तिच्यात भांग आणि खुरासानी ओव्याचा मोठा वाटा असतो. म्हणूनच 'चूर्णाने झोप नाही आली, वटीने लगेच आली' असं लोक सांगतात.

खुरासानी ओव्याने तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, डोळ्यांतला दाब वाढू शकतो. प्रोस्टेट वाढलेल्या किंवा काचबिंदू असलेल्या माणसाला ही वटी चूर्णापेक्षाही जास्त त्रास देईल. वयस्कर माणूस रात्री उठून असंबद्ध बोलायला लागला, तर घरच्यांनी वटीची बाटली आधी बघावी. भांग आणि खुरासानी ओवा ही दोन्ही द्रव्यं कायद्याच्या विषारी यादीत आहेत. त्यामुळे अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणं बंधनकारक आहे. लेबल मुद्दाम वाचा. सगळ्या कंपन्यांचा पाठ एक नसतो.

५. बीपीची गोळी चालू आहे, झोपेसाठी रात्री सर्पगंधा घेतली तर चालेल का?

डॉक्टरांना न सांगता नाही. का, ते एका नेहमीच्या वळणाच्या उदाहरणावरून पाहू.

कंपनीतून निवृत्त झालेले एकसष्ट वर्षांचे गृहस्थ. अटेनोलोल ५० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू, बीपी १३६/८४, नाडी ६४. झोप येत नाही म्हणून मेहुण्याने सांगितल्याप्रमाणे रात्री अर्धा चमचा चूर्ण सुरू केलं. पाच दिवसांत काही वाटलं नाही म्हणून एक चमचा केलं. दुसरा आठवडा सरता सरता झोप लागायला लागली. बीपी १२० च्या आसपास आलं, सगळे खूश. तिसऱ्या आठवड्यात सकाळी बिछान्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी, दिवसभर नाक चोंदलेलं, पाय ओढल्यासारखे. मोजलं तर बीपी १०४/६२ आणि नाडी ४६.

अटेनोलोल हृदयावर येणारा नॉरअ‍ॅड्रिनलिनचा संदेश अडवतं. सर्पगंधा तो संदेश मुळातच कमी करते. दोघांनी मिळून नाडी खाली आणली. अ‍ॅम्लोडिपिनने रक्तवाहिन्या आधीच सैल केलेल्या होत्या, त्यामुळे उभं राहिल्यावर रक्तदाब सावरेना.

अशा वेळी हातून होणारी चूक म्हणजे घाबरून सगळंच बंद करणं. चूर्ण बंद करायचं, हे बरोबर. पण अटेनोलोल आपल्या मनाने एकदम तोडायची नाही, त्याने छातीत धडधड आणि बीपीची उसळी येऊ शकते. ईसीजी काढून डॉक्टरांनी अटेनोलोल निम्मी केली. नाडी ताबडतोब नाही, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू साठावर आली. त्यानंतर पुन्हा लक्ष ठेवावं लागलं, कारण सर्पगंधेचा अंमल उतरला तसं बीपी वर चढू लागलं आणि गोळी पूर्ववत करावी लागली.

घरी काय पाहायचं? बसून आणि मग उभं राहून एक मिनिटाने, असं दोनदा बीपी मोजा. उभ्याने वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल, नाडी ५० च्या खाली जात असेल, किंवा चक्कर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय.

६. आणखी कोणत्या गोळ्यांबरोबर जमत नाही?

मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल यांचं अटेनोलोलसारखंच, वर पाहा. डिगॉक्सिन चालू असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. लघवीच्या गोळीने बीपी आणखी उतरतं.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम किंवा दारू यांच्यासोबत गुंगी चढत जाते. 'झोपेची गोळी सोडायची आहे म्हणून सर्पगंधा सुरू केली' हा बेत कागदावर छान दिसतो, पण मधले आठवडे दोन्ही अंगात असतात.

उदासीवरच्या गोळ्यांचं जास्त गंभीरपणे घ्या. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांना काम करायला सेरोटोनिन हवं, आणि सर्पगंधा त्याचाच साठा रिकामा करते. एक भरू पाहतो, दुसरा ओततो. अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांनी उलट सर्पगंधेचा बीपीवरचा गुण मारला जातो. एमएओ प्रतिबंधक गटातली औषधं असतील तर सर्पगंधेला हातही लावू नये, बीपी अचानक भडकू शकतं.

पार्किन्सनच्या रुग्णाला ती देऊच नये. त्याच्या मेंदूत डोपामिन आधीच कमी असतं, लेव्होडोपा ते भरून काढत असतं आणि सर्पगंधा त्यावर पाणी फिरवते. आजार नसलेल्यांतही मोठ्या मात्रेने हात थरथरणं, चेहरा निर्विकार होणं, चाल आखडणं असं दिसू शकतं.

पोटात अल्सर झालेला असेल, किंवा सांध्यांसाठी रोज वेदनाशामक चालू असेल, तर तेही सांगा. हिने आम्ल वाढतं आणि जुलाबही होतात. सर्दीच्या गोळीचा प्रश्न खाली ९ मध्ये आहे.

७. सर्पगंधेने नैराश्य येतं, हे खरं की अफवा?

वाद आहे, पण तो वाद असला म्हणून बिनधास्त होता येत नाही.

१९५० च्या दशकात रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. त्यावरून मनःस्थिती आणि मेंदूतली रसायनं यांबद्दलची एक अख्खी विचारसरणी उभी राहिली. त्याच काळात, १९५५ मध्ये, लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि उदासी असलेल्या रुग्णांवर रिसर्पिनची चाचणी घेतली आणि त्यांना फायदाच झालेला दिसला. अलीकडे जुन्या नोंदी पुन्हा तपासणाऱ्यांनीही 'रिसर्पिन म्हणजे नैराश्य' हे समीकरण इतकं सरळ नाही असं म्हटलं आहे. जुन्या मात्रा मोठ्या होत्या आणि सुस्तीलाच नैराश्य समजलं गेलं असावं, असा एक तर्क आहे.

माझं मत असं: ज्याला आयुष्यात एकदाही नैराश्याचा झटका येऊन गेला आहे, बाळंतपणानंतर आलेला असो की धंदा बुडाल्यावर, त्याने सर्पगंधा घेऊ नये. रिसर्पिनच्या माहितीपत्रकातही हेच सांगितलेलं असतं. प्रश्न ३ मधला हिशेब आठवा. घरगुती चमच्याची मात्रा त्या जुन्या मोठ्या मात्रांच्याच जवळ जाते, त्यामुळे 'हल्ली धोका कमी मानतात' हा दिलासा चमच्याने घेणाऱ्याला लागू होत नाही.

८. सुस्ती आहे की उदासी, घरच्यांनी कसं ओळखायचं?

सुस्त माणूस पेंगतो, पण जागा झाला की क्रिकेटचा स्कोअर विचारतो, नातवाशी खेळतो. उदास माणसाचं मन कशात लागत नाही. तो पहाटे तीन-चारला जागा होतो आणि परत झोपत नाही. हा पहाटे जागं होण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. झोपेसाठी सर्पगंधा घेणारा माणूस याचाच अर्थ 'मात्रा कमी पडतेय' असा लावतो आणि वाढवतो. जेवण तुटतं, बोलणं कमी होतं, 'माझा काय उपयोग' अशी वाक्यं येतात.

हे पहिल्या आठवड्यातच दिसेल असं नाही. काही महिने सुरळीत गेल्यावरही उदासी डोकावते आणि औषध थांबवल्यावरही काही काळ टिकू शकते. दिसताच चूर्ण बंद करा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार बोलून दाखवले तर वाट पाहू नका, माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

९. सर्पगंधा सुरू केल्यापासून नाक बंद. सर्दीची गोळी घेऊ का?

ही सर्दी नाही. नाकातल्या रक्तवाहिन्या सैलावून फुगल्या की नाक चोंदतं. ही हिची अगदी ठरलेली खूण आहे. मात्रा लागू पडतेय असं जुने वैद्य यावरून ओळखत. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला कडाका असतो, त्यामुळे सगळे थंडीलाच दोष देतात.

दुकानातल्या सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं. साठा रिकामा झालेल्या रक्तवाहिन्या अशा द्रव्याला जास्तच तिखट प्रतिसाद देतात आणि बीपी वर जाऊ शकतं. त्यातच झोप आणणारं अ‍ॅलर्जीचं औषधही असतं, म्हणजे गुंगीत भर. मिठाच्या पाण्याचे थेंब वापरा. त्रास खूप असेल तर मात्राच जास्त आहे, असं समजून वैद्यांना कळवा.

१०. बंद केली की दुसऱ्या दिवशी अंगातून जाते का?

नाही. बंद पडलेला पंप पुन्हा सुरू होत नाही, शरीराला नवा घडवावा लागतो. त्यामुळे परिणाम उतरायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. 'मी तर परवाच सोडली' म्हणणारा माणूस डॉक्टरांच्या दृष्टीने अजून सर्पगंधेवरच असतो. नवी गोळी सुरू होताना शेवटची मात्रा कधी घेतली ते तारखेसकट सांगा.

११. पुढच्या आठवड्यात मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन आहे. सांगायलाच हवं का?

हवं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेगळं सांगा. भुलीखाली बीपी कोसळू शकतं आणि ते वर आणण्यासाठी वापरायची काही औषधं रिकाम्या साठ्यामुळे नीट चालत नाहीत, काही जास्तच चालतात. आधी माहीत असेल तर ते योग्य औषध निवडतात. 'काही आयुर्वेदिक घेता का?' असं कुणी विचारलं नाही, तरी बाटली सोबत न्या.

१२. गरोदरपणात, किंवा बाळ अंगावर पीत असताना?

नको. औषध वारेतून आणि दुधातून बाळापर्यंत पोहोचतं. नवजात बाळाचं नाक चोंदतं, ते मलूल राहतं आणि ओढून पीत नाही.

१३. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर मिळणारं मूळ अस्सल असतं का?

वाळलेल्या तुकड्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. अस्सल मूळ अत्यंत कडू असतं आणि त्याला म्हणावा असा वास नसतो. वास येत असेल किंवा चव तुरट-गोडसर असेल तर सोडून द्या. पण कडू लागलं म्हणजे अस्सल, असंही नाही. याच कुळातली, अमेरिकेतून आलेली राऊवोल्फिया टेट्राफायला आपल्याकडे सर्रास वाढते आणि तिचं मूळही सर्पगंधा म्हणून खपवतात. तिच्यात रिसर्पिनचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे एका पुडीला मुरलेला माणूस दुसऱ्या पुडीला गडबडतो. जंगलातली सर्पगंधा उपटून उपटून दुर्मीळ झाली आहे. रस्त्यावर ढिगाने दिसत असेल तर शंका घ्यायलाच हवी.

१४. साप चावल्यावर हे मूळ उगाळून देतात, ते?

वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय न हलवता थेट सिव्हिल किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, प्रतिविषासाठी. बीपी आधीच पडत असलेल्या माणसाला बीपी पाडणारं मूळ देणं धोक्याचंच.

१५. मग तुम्ही स्वतः सर्पगंधा देता का?

देतो, फार थोड्यांना. बीपी किंचित चढलेलं, नाडी भरधाव, स्वभाव तापट, उदासीचा इतिहास नाही, पोट धड, दुसरी गोळी नाही आणि दर पंधरा दिवसांनी दाखवायला येण्याची तयारी, असा माणूस असेल तर. मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून, एकाच बनावटीची, आणि तीन आठवडे न वाढवता. चाळिशीपुढच्या बहुतेकांची एखादी तरी गोळी चालू असते, ते या यादीतच बसत नाहीत.

१६. सासरे रात्री फार चिडतात, भांडतात. त्यांना न सांगता दुधातून दिली तर?

नका देऊ. त्यांच्या डॉक्टरांना माहीत नसलेलं औषध त्यांच्या अंगात असेल आणि उद्या चक्कर येऊन पडले, तर तपासणारा भलतीकडेच कारण शोधत बसेल. रात्रीची चिडचिड ही स्मृतिभ्रंशाची, लघवीच्या संसर्गाची, साखर उतरल्याची किंवा एखाद्या चालू गोळीचीच खूण असू शकते. आधी लघवी आणि साखर तपासा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून त्यांच्या डॉक्टरांपुढे ठेवा. आजवर चोरून दिली असेल तर तेही तिथे सांगून टाका, कधीपासून आणि किती चमचे, यासकट.